ट्रान्सफॉर्मर भरलेला नाही, तरी लाइट का जाते? सोसायटीच्या एका पत्राची गोष्ट

मुंबईच्या उपनगरांत मे महिना आला की रात्रीची लाइट जाण्याच्या तक्रारी सुरू होतात. आमची सोसायटी बोरिवलीतली, 1986 सालची. चार विंग, 96 घरं. यंदा एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत आमच्याकडे रात्री अकरा वेळा लाइट गेली. एकाही वेळी दिवसा नाही. दर वेळी साडेदहा ते एकच्या दरम्यान. चौथ्या मजल्यावरच्या एका आजोबांना रात्री श्वासाचं यंत्र लागतं, त्यामुळे ही केवळ उकाड्याची तक्रार राहिली नव्हती.

आमच्या सेक्रेटरीबाईंनी वीज कंपनीला पत्र लिहिलं. मजकूर चार ओळींचा होता: वीज वारंवार खंडित होते, आवारातल्या सबस्टेशनमधला 400 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर अपुरा पडतो, तरी तो बदलून मोठा बसवावा. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ट्रान्सफॉर्मरला लावलेल्या मीटरवर मे महिन्यातली सर्वाधिक मागणी 377 केव्हीए नोंदली गेली आहे, ती क्षमतेच्या 94 टक्के आहे, सबब ट्रान्सफॉर्मर ओव्हरलोड नाही.

सभेत हे उत्तर वाचून दाखवल्यावर लोक संतापले. ओव्हरलोड नाही, तर लाइट जाते कशी? कंपनी खोटं बोलते, असाच सगळ्यांचा सूर होता. मी तीस वर्षं वीजवितरणात काम केलं आहे, म्हणून ते कागद माझ्याकडे आले. मला त्यात कोणीच खोटं बोलत असल्याचं दिसलं नाही. लाइट ओव्हरलोडमुळेच जात होती आणि ट्रान्सफॉर्मर ओव्हरलोड नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे समजल्याशिवाय मोठा ट्रान्सफॉर्मर मागणारं पत्र नीट लिहिताच येत नाही.

आवारातल्या त्या खोलीत काय असतं

कंपनीची जाड केबल जमिनीखालून 11,000 व्होल्टने आपल्या आवारातल्या सबस्टेशनपर्यंत येते. इतक्या दाबाची वीज घरात चालत नाही. ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मराठीत रोहित्र, ती घराला लागणाऱ्या 240 व्होल्टच्या आसपास आणून ठेवतो. तिथून एका मोठ्या ब्रेकरमधून वीज बाहेर पडते, मग विंगविंगच्या मीटर रूममध्ये जाते आणि मीटरमधून आपल्या घरात. ब्रेकर म्हणजे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह ठरावीक वेळ वाहिला की आपोआप पडणारा स्विच. आपण ज्याला ‘ट्रिप झालं’ म्हणतो, ते बहुतेक वेळा या ब्रेकरचं पडणं असतं.

सबस्टेशन सोसायटीच्या जागेत असलं तरी ट्रान्सफॉर्मर कंपनीचा असतो, आणि तो फक्त आपल्यासाठी असेलच असं नाही. आमच्याच ट्रान्सफॉर्मरवर शेजारची 24 घरांची एक इमारतही आहे. एकूण 120 घरं.

‘केव्हीए’ हे ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचं माप. घरातल्या उपकरणांवर किलोवॉट लिहिलेलं असतं. केव्हीए हा त्याचाच किंचित मोठा भाऊ. 95 किलोवॉटचा घरगुती भार ट्रान्सफॉर्मरला साधारण 100 केव्हीएसारखा जाणवतो, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे.

120 घरांना 400 पुरतात कसे?

आम्ही घरोघरी एक फॉर्म फिरवला. एसी, गीझर, इंडक्शन शेगडी, वॉशिंग मशीन, जे असेल ते भरून घेतलं. 96 घरांत 171 एसी निघाले. शेजारच्या इमारतीसह सगळ्या उपकरणांची बेरीज 950 किलोवॉटच्या घरात गेली. हा आकडा पाहून कोणीही म्हणेल की 400 चा ट्रान्सफॉर्मर आतापर्यंत जळायला हवा होता.

लग्नाच्या पंगतीचा हिशोब आठवा. पाचशे माणसांना आमंत्रण असलं तरी पाचशे पानं एकदम मांडत नाहीत. काही जण पहिल्या पंगतीला बसतात, काही दुसऱ्या, काही आहेर देऊन निघून जातात. हॉलमध्ये जागा लागते ती सर्वांत मोठ्या पंगतीपुरती. विजेचंही तसंच आहे. गीझर सकाळी, वॉशिंग मशीन दुपारी, इंडक्शन संध्याकाळी. सगळी उपकरणं एकाच क्षणी कधीच चालत नाहीत. आमच्याकडे 950 किलोवॉटपैकी सर्वांत मोठी पंगत साधारण 360 किलोवॉटची, म्हणजे घरामागे तीन किलोवॉटची बसते.

1986 साली ही सर्वांत मोठी पंगत संध्याकाळी सात-आठला असायची: दिवे, पंखे, टीव्ही. आता ती रात्री साडेअकराला असते, कारण बेडरूममधले एसी सगळ्यांचेच एका वेळी लागतात. आधीच्या उपकरणांना वेळ वाटून घेण्याची सवय होती, एसीला ती नाही. उकाडा सगळ्यांना एकाच वेळी होतो.

मग 94 टक्क्यांवर ब्रेकर का पडला?

या प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

ट्रान्सफॉर्मरमधून बाहेर येणारी वीज एका तारेतून येत नाही, तीन तारांतून येते. त्यांना फेज म्हणतात: आर, वाय आणि बी, म्हणजे लाल, पिवळी, निळी. साधारण घराला यातली एकच फेज दिलेली असते. तुमचं घर लाल फेजवर असेल, समोरचं निळ्या. ट्रान्सफॉर्मरची क्षमता या तिघींत समान वाटलेली असते. 400 चे तीन भाग केले की प्रत्येक फेजच्या वाट्याला 133 केव्हीए येतात. 250 व्होल्टला त्याचे होतात 533 अँपिअर. अँपिअर म्हणजे तारेतून वाहणाऱ्या प्रवाहाचं माप.

पुन्हा पंगतीत जाऊ. हॉलमध्ये तीन ओळी आहेत, प्रत्येकीत 42 पाट, आणि ओळींच्या मध्ये भिंती. एकूण पाट 126. पाहुणे आले 120. हॉल भरला का? नाही, सहा पाट रिकामे आहेत. पण पहिल्या ओळीच्या दाराशी 53 माणसं आली आणि उरलेल्या दोन ओळींत 32 आणि 35 बसली, तर पहिल्या ओळीतले अकरा जण उभे राहणार. हॉलचा मालक म्हणेल जागा आहे, उभा असलेला पाहुणा म्हणेल नाही. दोघेही बरोबर.

आमच्याकडे अक्षरशः हेच झालं होतं. सेक्रेटरीबाईंनी कंपनीच्या इंजिनिअरना रात्री एकत्र पाहणीसाठी बोलावलं. साडेअकराला त्यांनी टाँग टेस्टर लावला. तार न कापता तिच्याभोवती चिमट्यासारखा धरून प्रवाह मोजायचं हे उपकरण. लाल फेजवर 665 अँपिअर, पिवळीवर 405, निळीवर 440. बेरीज 1,510. तिन्ही फेज मिळून ट्रान्सफॉर्मरची मर्यादा 1,600. म्हणजे 94 टक्के, कंपनीच्या पत्रातला आकडा तंतोतंत. आणि तरी लाल फेज एकटी आपल्या 533 च्या वाट्यापेक्षा 25 टक्के जास्त ओढत होती. ब्रेकर तिन्ही फेजवर वेगवेगळी नजर ठेवतो. त्यातली एक मर्यादेबाहेर गेली की तो तिन्ही पाडतो.

मग मीटर रूममधले मीटर फेजनुसार मोजले. लालवर 53 घरं, पिवळीवर 32, निळीवर 35. असं का, याचं उत्तर आमच्या जुन्या वायरमनने दिलं. काही वर्षांपूर्वी सी विंगमध्ये निळ्या फेजचा कटआउट जळला होता. रात्रीची वेळ, लोक खोळंबलेले, म्हणून तिथली घरं तात्पुरती लाल फेजवर घेतली गेली. ती तात्पुरती सोय तशीच राहिली. तेव्हा घराघरांत इतके एसी नव्हते, त्यामुळे कोणाला काही जाणवलंही नाही.

असमतोलाचा आणखी एक तोटा आहे, आणि तो लाइट जाण्यापेक्षा धोक्याचा आहे. तिन्ही फेजवर सारखा भार असेल तर परतीच्या तारेतून, म्हणजे न्यूट्रलमधून, फार थोडा प्रवाह वाहतो. आमच्याकडे त्या रात्री हिशोबाने 240 अँपिअरच्या आसपास वाहत असणार. इतका प्रवाह वाहणारा न्यूट्रलचा एखादा जोड सैल झाला, तर कमी भाराच्या फेजवरच्या घरांत व्होल्टेज अचानक चढतं आणि टीव्ही, फ्रीज जळतात. दिवे एका घरात मंद आणि दुसऱ्यात नेहमीपेक्षा प्रखर दिसू लागले तर मेन बंद करा आणि ताबडतोब कंपनीला कळवा.

लाइट आली की पुन्हा वीस मिनिटांत का जाते?

हा अनुभव तर सगळ्यांचाच आहे. कंपनीची माणसं येतात, ब्रेकर चढवतात, टाळ्या पडतात, आणि पुन्हा अंधार.

लाइट असताना सगळे एसी पूर्ण जोराने चालत नसतात. खोली थंड झाली की कंप्रेसर थांबतो किंवा इन्व्हर्टर एसी असेल तर मंदावतो. लाइट अर्धा तास गेली की सगळ्या खोल्या तापतात. ती परत आल्यावर 171 पैकी चालू ठेवलेला प्रत्येक एसी एकाच वेळी पूर्ण ताकदीने सुरू होतो, फ्रीजही त्यांच्यासोबत. म्हणजे लाइट गेली तेव्हा जितका भार होता त्यापेक्षा ती आल्यावर जास्त भार असतो. म्हणून लाइट गेल्याबरोबर एसीचे स्विच बंद करावेत आणि आल्यावर विंगनुसार दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सुरू करावेत. आम्ही हे नोटीस बोर्डावर लावलं आणि त्याच आठवड्यापासून दुसऱ्यांदा पडणं थांबलं.

पडण्याची ही वेळ निदानासाठीही मोलाची आहे. ब्रेकर चढवल्यावर काही मिनिटांनी पडतो, तेव्हा ओव्हरलोडचा संशय घ्यावा. चढवताक्षणी धाडकन पडतो, तेव्हा कुठेतरी शॉर्ट सर्किट आहे; तिथे मोठा ट्रान्सफॉर्मर आणूनही काही होणार नाही. पहिल्या पावसात, कमी भार असतानाही पडू लागला, तर जमिनीखालच्या केबलच्या जोडात पाणी शिरलं असण्याची शक्यता मोठी. आणि फक्त एकाच विंगची लाइट जात असेल, तर दोष ट्रान्सफॉर्मरकडे नाही. त्या विंगची केबल, फ्यूज किंवा मेन स्विच पाहायला हवा. हा मेन स्विच बऱ्याचदा सोसायटीचाच असतो. सांगायचं इतकंच की पत्र लिहिण्याआधी पंधरा दिवस एक वही ठेवा: लाइट गेली किती वाजता, कोणत्या विंगची, शेजारच्या इमारतीची गेली का, परत कधी आली, कशी आली.

ब्रेकरचं सेटिंग वाढवून का चालत नाही?

सभेत हा प्रश्न दोन वेळा आला. ब्रेकर पडतो ना, मग त्याची मर्यादाच वाढवा.

ब्रेकर ट्रान्सफॉर्मरच्या रक्षणासाठी आहे. ट्रान्सफॉर्मरच्या आत तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची गुंडाळी असते, तिच्यावर कागदाचं वेष्टण, आणि सगळं तेलात बुडवलेलं. प्रवाह वाहिला की गुंडाळी तापते, आणि ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह सव्वापट झाला तर उष्णता सव्वापट होत नाही, 1.56 पट होते, म्हणजे दीडपटीहून जास्त. आमच्या लाल फेजच्या गुंडाळीत तेच चाललं होतं. कागदाला ही उष्णता कायमची लागते. सर्वांत गरम जागेचं तापमान 98 अंशांच्या वर दर 6 अंशांनी वाढलं की साध्या कागदाचं आयुष्य दुप्पट वेगाने संपतं. तो जळल्याचं बाहेरून काही दिसत नाही. एखाद्या रात्री आत शॉर्ट होतो, आणि मग लाइट अर्ध्या तासासाठी जात नाही, दुसरा ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत जाते.

मुंबईत भर अशी की मेच्या रात्रीही हवा गार होत नाही. ट्रान्सफॉर्मरला रात्री विसावा मिळेल, हे गृहीत इथे धरता येत नाही. सबस्टेशनच्या जाळीसमोर भंगार, जुन्या सायकली रचलेल्या असतील तर त्या आधी हलवा. ती जाळी त्याची खिडकी आहे.

मग मोठा ट्रान्सफॉर्मर हवा की नको?

फेज समान केल्या तर प्रत्येकीवर 40 घरं, साधारण 503 अँपिअर. मर्यादा 533. ब्रेकर पडणार नाही. पण हातात उरतात फक्त तीस अँपिअर, म्हणजे एका फेजवर जेमतेम दोन-तीन घरांची पंगत. म्हणून फेज सारख्या करणं हा या वर्षीचा उपाय आहे, पुढच्या वर्षीचा नाही.

पुढचं वर्ष कसं मोजलं ते सांगतो, कारण पत्रात कंपनीला हाच हिशोब हवा असतो. फॉर्ममध्ये आम्ही एक प्रश्न असाही घातला होता की येत्या वर्षभरात काय नवं घेणार. 40 नवे एसी निघाले आणि विजेवरच्या 12 गाड्या. एसी सरासरी दीड किलोवॉटचा धरला तर 60 किलोवॉट. सगळे एकदम जोरात चालणार नाहीत म्हणून दोन तृतीयांश, 40 किलोवॉट. गाड्या घरच्या सॉकेटवर 3.3 किलोवॉटने चार्ज होतात. 12 गाड्यांचे 40 किलोवॉट. यांना मात्र सवलत दिली नाही, कारण माणूस घरी आला की गाडी लावतो आणि ती रात्रभर लागलेलीच राहते, नेमकी मोठ्या पंगतीच्या वेळी. एकूण 80 किलोवॉट, म्हणजे 84 केव्हीए. आताच्या 377 मध्ये मिळवले की 461.

400 चा ट्रान्सफॉर्मर इथे संपला. पुढचे प्रमाणित आकार 500 आणि 630. 500 वर 461 म्हणजे 92 टक्के, पुन्हा आज आहोत तिथेच. 630 वर 73 टक्के. म्हणून मागणी 630 ची. ‘मोठा बसवा’ आणि ‘630 बसवा, कारण हे’ यांत फरक असा की दुसऱ्या पत्रावर इंजिनिअरला आपल्या वरिष्ठांकडे प्रस्ताव पाठवता येतो.

दुसरं पत्र

सेक्रेटरीबाईंनी लिहिलेलं दुसरं पत्र, नावं आणि ग्राहक क्रमांक काढून, असं होतं:

> महोदय,
>
> विषय: आवारातील 400 केव्हीए ट्रान्सफॉर्मरवरील फेजचा असमतोल दूर करणे व क्षमतावाढ करणे.
>
> आमच्या आवारातील सबस्टेशनमधून 120 घरगुती जोडण्यांना वीजपुरवठा होतो. एप्रिल व मे महिन्यांत रात्री 10.30 ते 1.00 या वेळेत मुख्य ब्रेकर 11 वेळा पडला. प्रत्येक वेळी चारही विंग व शेजारील इमारत यांचा पुरवठा एकत्र बंद झाला. तारीख व वेळेची नोंद सोबत जोडली आहे.
>
> आपल्या इंजिनिअरांसमवेत झालेल्या रात्रीच्या पाहणीत आर फेजवर 665, वाय फेजवर 405 व बी फेजवर 440 अँपिअर असा भार आढळला. एकूण भार क्षमतेच्या आत असला तरी आर फेज तिच्या मर्यादेपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त आहे. फेजनिहाय जोडण्यांची यादी सोबत आहे. आर फेजवरील 8 जोडण्या वाय फेजवर व 5 जोडण्या बी फेजवर घेतल्यास प्रत्येकी 40 जोडण्या होतील. हे काम कृपया तातडीने करावे.
>
> समतोल साधल्यानंतरही भार 94 टक्के राहतो. सभासदांनी कळवलेली येत्या वर्षातील वाढ धरता तो सुमारे 461 केव्हीए होईल. तरी 630 केव्हीए ट्रान्सफॉर्मरचा प्रस्ताव विचारात घ्यावा, तसेच त्यापुढील ब्रेकर व विंगच्या केबल त्या क्षमतेस पुरेशा आहेत का हे तपासून कळवावे. ट्रान्सफॉर्मरवरील मीटरची एप्रिल व मे महिन्यांची फेजनिहाय नोंद आम्हास मिळावी.
>
> 58 सभासदांनी मंजूर भार वाढवण्याचे अर्ज भरले असून ते सोबत देत आहोत. ट्रान्सफॉर्मर आत नेण्यासाठी लागणारी वाट आम्ही मोकळी करून देऊ. एका सभासदास रात्री वैद्यकीय उपकरण लागते, याची कृपया नोंद घ्यावी.
>
> आपली विश्वासू,
> सेक्रेटरी

पहिल्या पत्रात एक मागणी होती आणि पुरावा नव्हता. या पत्रात दोन मागण्या आहेत आणि त्या वेगळ्या ठेवल्या आहेत, कारण पहिली एका दिवसात होते आणि दुसरीला महिने लागतात. दोन्ही एकत्र मागितल्या असत्या तर पहिलीही दुसरीच्या फायलीत अडकली असती. जोडण्या हलवण्याचं काम आपल्या वायरमनकडून कधीही करून घेऊ नका. मीटरच्या आधीची, म्हणजे कंपनीकडून वीज येते ती बाजू सीलबंद असते आणि ती कंपनीचीच माणसं उघडू शकतात.

मंजूर भार खरा सांगितला तर बिल वाढेल ना?

त्या 58 अर्जांवरून सर्वांत जास्त वाद झाला. बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो, म्हणजे जोडणी घेताना आपण कंपनीला सांगितलेला भार. आमच्या बऱ्याच बिलांवर तो जुन्या काळचा दोन-सव्वादोन किलोवॉट होता. त्याच घरात दोन एसी आणि गीझर. कंपनी भविष्याचं नियोजन करताना हेच आकडे बेरीज करते. 120 घरांची ती बेरीज 270 किलोवॉटच्या आत येत होती, आणि पंगतीचा हिशोब लावला की कागदावर ट्रान्सफॉर्मर अर्धाही भरत नव्हता. आपण भार लपवतो तेव्हा मोठ्या ट्रान्सफॉर्मरविरुद्धचा पुरावा आपणच तयार करत असतो.

बिलाबद्दल: महाराष्ट्रात एका फेजच्या घरगुती जोडणीचा स्थिर आकार जोडणीमागे लागतो, दर किलोवॉटमागे नाही. त्यामुळे एका फेजमध्येच राहून भार वाढवला तर दरमहा स्थिर आकार तोच राहतो. अर्जाचं शुल्क आणि वाढीव अनामत मात्र भरावी लागू शकते. तीन फेजची जोडणी घेतली तर स्थिर आकार वाढतो. वापरलेल्या युनिटचं बिल मंजूर भारावर ठरतच नाही.

पैसे कोण देणार?

विद्युत कायदा, 2003 च्या कलम 42 नुसार आपल्या क्षेत्रातली वितरणयंत्रणा सक्षम ठेवणं आणि वाढवणं हे वितरण कंपनीचं कर्तव्य आहे. कलम 46 नुसार एखाद्या ग्राहकाला पुरवठा देण्यासाठी लाइन किंवा यंत्रणा उभारावी लागली, तर त्याचा वाजवी खर्च वीज नियामक आयोगाच्या नियमांप्रमाणे त्याच्याकडून घेता येतो. 120 घरांची वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेली मागणी पहिल्या प्रकारात मोडते, अशी आमची भूमिका आहे आणि ती मला योग्य वाटते. पण सोसायटीने आवारात एकदम वीस चार्जरचं केंद्र उभारायचं ठरवलं, तर त्यासाठीच्या क्षमतेचा खर्च कंपनी मागू शकते. म्हणून असा नवा, मोठा भार जुन्या तक्रारीच्या पत्रात मिसळू नये. त्याचा अर्ज वेगळा करावा.

उत्तर आलंच नाही किंवा पटलं नाही, तर कंपनीच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालाकडे जाता येतं. तिथे ती पंधरा दिवसांची वही आणि फेजचे आकडे हेच आपलं म्हणणं मांडतात.

मोठा आला की काळजी मिटली?

एक काळजी वाढते, आणि ती सोसायटीने स्वतः घ्यायची आहे. ट्रान्सफॉर्मर जितका मोठा, तितका शॉर्ट सर्किटच्या क्षणी त्यातून जास्त प्रवाह उसळतो. 400 केव्हीएच्या अगदी जवळ शॉर्ट झालं तर सुमारे 12,000 अँपिअर. 630 च्या जवळ सुमारे 19,000. केबलच्या लांबीने तो मीटर रूमपर्यंत बराच कमी होतो, पण किती कमी हे मोजून पाहावं लागतं. मेन स्विचवर तो किती हजार अँपिअरचा शॉर्ट तोडू शकतो हे ‘केए’मध्ये छापलेलं असतं. आमच्या ए विंगच्या स्विचवर 10 आहे आणि ती विंग सबस्टेशनला खेटून आहे. त्याची क्षमता अपुरी ठरली तर शॉर्टच्या वेळी स्विच तोडण्याऐवजी स्वतःच फुटतो. तो बदलण्यासाठी आम्ही परवानाधारक कंत्राटदाराचं दरपत्रक घेतलं आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीची माणसं आली आणि दुपारभरात 13 जोडण्या हलवून गेली. त्या रात्री साडेअकराला पुन्हा टाँग टेस्टर लावला. लाल 508, पिवळी 496, निळी 501. 630 च्या प्रस्तावासाठी जागेची पाहणी झाली आहे. ट्रान्सफॉर्मर सुमारे दोन टनांचा, आणि तो आत नेणाऱ्या क्रेनला आमच्या फाटकाजवळच्या तीन पार्किंगच्या जागा लागणार आहेत. त्या तीन सभासदांनी लेखी संमती दिली आहे. वही मात्र अजून चालू आहे, कारण ऑक्टोबरचा उकाडा यायचा आहे.